पहिले पंधरा सेकंद: पॉडकास्टच्या सुरुवातीचे अभिवादन कसे लिहावे आणि कसे बोलावे

मुंबईतला मराठी पॉडकास्टचा श्रोता कोणत्या स्थितीत ऐकत असतो, याची कल्पना केल्याशिवाय त्याला करायचे अभिवादन लिहिता येत नाही. तो ठाण्याहून सुटलेल्या लोकलमध्ये उभा असतो, एका हाताने वरची कडी धरलेली असते, दुसऱ्या हातात फोन असतो आणि अंगठा पडद्यावरून अजून हललेला नसतो. भाग सुरू होताच हे आपल्या उपयोगाचे आहे का, कोण बोलत आहे आणि पुढचा अर्धा तास कोणत्या सुरात जाणार आहे, एवढे त्याला कळायला हवे. ते कळले की फोन खिशात जातो. कळले नाही, तर अंगठा दुसरीकडे वळतो.

या लेखात मी फक्त तेवढ्याच भागाचा विचार केला आहे: सूत्रसंचालकाच्या पहिल्या शब्दापासून खरा विषय सुरू होईपर्यंतचे बोलणे. विवेचन मुख्यतः एका व्यक्तीने चालवलेल्या ध्वनिपॉडकास्टला धरून आहे. चित्रफितीसाठी जिथे वेगळी काळजी घ्यावी लागते तिथे ती सांगितली आहे. एक मत मात्र आधीच मांडतो. ‘स्वागत आहे’ असे म्हटल्याने श्रोत्याचे स्वागत झाले, असे मला वाटत नाही. आपला स्वतःचा प्रश्न आपल्याच बोलण्याच्या भाषेत कानावर पडला, की श्रोत्याला आपण योग्य ठिकाणी आलो आहोत असे वाटते, आणि अभिवादनाचे काम तिथे पूर्ण होते.

आधी वेळ ठरवावी

शांतपणे, शब्द न गिळता बोललेली मराठी साधारणपणे मिनिटाला १२० ते १३० शब्दांच्या वेगाने जाते, म्हणजे सेकंदाला दोन शब्दांच्या आसपास. पंधरा सेकंदांत त्यामुळे तीसेक शब्द बसतात. लिहायला बसण्यापूर्वीच ही संख्या डोळ्यांसमोर असावी, कारण कागदावर चार ओळींचे वाटणारे अभिवादन तोंडाने म्हणताना अर्धा मिनिट घेते.

पंधरा सेकंद हे प्रमाण मी दोन कारणांनी धरतो. पहिले असे की, पॉडकास्ट ऐकण्याच्या बहुतेक ॲपमध्ये १५ किंवा ३० सेकंद पुढे नेणारे बटण असते. ‘यांच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात काही नसते’ हे नियमित श्रोत्याच्या एकदा लक्षात आले, की तो ते बटण सवयीने दाबतो आणि मग तुमचे अभिवादन तुमच्या सर्वांत निष्ठावान श्रोत्यालाच ऐकू जात नाही. दुसरे कारण यूट्यूबचे. तिथे निर्मात्याला मिळणाऱ्या माहितीत पहिल्या ३० सेकंदांनंतर किती प्रेक्षक टिकले, हे वेगळे दाखवले जाते. त्या अर्ध्या मिनिटात संगीत, अभिवादन आणि विषयातले पहिले खरे वाक्य, असे सगळे बसवायचे असेल तर संगीताला पाच सेकंद, बोलण्याला पंधरा आणि उरलेली जागा विषयाला, अशी वाटणी सोयीची पडते.

मुलाखतीच्या भागाची गोष्ट थोडी निराळी असते. तिथे पाहुण्याच्या बोलण्यातला एखादा पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा सर्वांत आधी ऐकवण्याची पद्धत आहे. तसे केले असेल तर विषय काय आहे हे त्या तुकड्यानेच सांगितलेले असते, म्हणून नंतरचे अभिवादन आठ-दहा सेकंदांत आटोपावे. तुकडाही लांब आणि अभिवादनही लांब, असे झाले तर एकाच भागाला दोन सुरुवाती झाल्यासारखे वाटते.

नेहमीच्या मसुद्यात काय अडते

आता एक प्रकरण शेवटपर्यंत घेऊ. समजा, गिरगावात राहणाऱ्या एक वकीलबाई सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या व्यवहारांवर पॉडकास्ट करतात आणि त्यांच्या कार्यक्रमाचे नाव ‘सोसायटीची सभा’ असे आहे. आजचा भाग नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसवर, म्हणजे सभासदाने घर भाड्याने दिल्यावर सोसायटी त्याच्या बिलात जी जादा रक्कम लावते तिच्यावर आहे. महाराष्ट्र शासनाने २००१ साली ही रक्कम सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये असा आदेश काढलेला आहे, आणि भागाचा गाभा तोच आहे. बाईंच्या नावाच्या जागी मी ‘अमुक’ लिहितो. त्यांचा पहिला मसुदा असा असेल असे धरू:

‘नमस्कार मित्रांनो, कसे आहात सगळे? मजेत ना? तर पुन्हा एकदा तुमचं खूप खूप स्वागत आहे आपल्या “सोसायटीची सभा” या पॉडकास्टमध्ये. मी अमुक. तर मित्रांनो, आजचा आपला विषय खूपच महत्त्वाचा आणि खूपच इंटरेस्टिंग आहे, त्यामुळे शेवटपर्यंत नक्की ऐका. आणि हो, सुरुवात करण्यापूर्वी, सबस्क्राइब केलं नसेल तर आत्ताच करा आणि बेल आयकॉन दाबायला विसरू नका.’

हे ५३ शब्द आहेत. म्हणायला पंचवीस सेकंदांहून अधिक वेळ लागतो, आणि एवढे ऐकूनही विषय कोणता हे श्रोत्याला समजलेले नाही. लांबी हा मात्र यातला एकच दोष आहे; बाकीचे दोष अधिक खोलवरचे आहेत.

‘कसे आहात? मजेत ना?’ हा प्रश्न सभागृहात चालतो. दादरच्या एखाद्या नाट्यगृहात निवेदकाने तो विचारला तर समोरून उत्तर येते, लोक हसतात, आणि त्या उत्तरामुळेच वातावरण तयार होते. इयरफोन लावलेल्या एकट्या माणसाला तोच प्रश्न विचारला तर उत्तर देण्याची सोय नसते, आणि त्याने उत्तर दिले असे गृहीत धरून सूत्रसंचालक पुढे जातो. रंगमंचावरची लकब कानात आणली की ती पोकळ वाटते, ती याच कारणाने. प्रश्न विचारूच नये असा याचा अर्थ नाही. श्रोत्याला मनातल्या मनात ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल असा प्रश्न विचारावा.

‘पुन्हा एकदा स्वागत’ हे शब्द जुन्या श्रोत्यासाठी आहेत. पण असा विषयप्रधान भाग शोधून ऐकणाऱ्यांत पहिल्यांदाच येणारे पुष्कळ असतात. बिल हातात पडल्यावर कुणीतरी शोध घेतो आणि तुमच्यापर्यंत पोहोचतो. त्याला पहिल्याच वाक्यात आपण परके आहोत असे जाणवते. ‘विषय महत्त्वाचा आहे’ हे वाक्यही तसेच निरुपयोगी आहे, कारण महत्त्व सांगून पटत नाही, आणि ज्या सेकंदांत विषयच सांगता आला असता ते त्याच्या विशेषणांवर खर्च होतात.

राहिली सबस्क्राइब करण्याची विनंती. ती करण्यात काहीही गैर नाही, मात्र तिची जागा सुरुवातीला नाही. श्रोत्याच्या हाती पहिले उपयुक्त उत्तर पडले, की त्यानंतर लगेच एका वाक्यात ती करावी. या भागात १० टक्क्यांची मर्यादा आणि ती मोजण्याची रीत सांगून झाल्यावर ती विनंती सहज बसते.

लिहिण्याचा क्रम

अभिवादन सर्वांत शेवटी लिहावे, म्हणजे भागाचे मुख्य ध्वनिमुद्रण पूर्ण झाल्यावर. भागाची आखणी आणि प्रत्यक्षात झालेला भाग यांत नेहमी अंतर पडते. विशेषतः मुलाखतीत पाहुणा कुठे रंगेल हे आधी सांगता येत नाही. आधी मुद्रित केलेले अभिवादन बऱ्याचदा असे काही कबूल करून बसते जे पुढे भागात आलेलेच नसते.

मुद्रण झाल्यावर ते एकदा ऐकावे आणि स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा भाग ऐकलेला सभासद संध्याकाळी सोसायटीच्या फाटकाशी शेजाऱ्याला काय सांगेल? आपल्या उदाहरणात तो म्हणेल, ‘अरे, भाडेकरू ठेवला तरी ते वाटेल तेवढे पैसे लावू शकत नाहीत.’ हे वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवावे. अभिवादनातला विषय त्यातूनच काढायचा आहे.

मग त्या वाक्याचे अशा प्रश्नात रूपांतर करावे, ज्यात श्रोत्याला स्वतःची परिस्थिती दिसेल. ‘नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस म्हणजे काय?’ हा विषयाचा मथळा झाला. ‘फ्लॅट भाड्यानं दिला, म्हणून बिलात वेगळी रक्कम लावलीय का?’ ही श्रोत्याची परिस्थिती झाली. ज्याच्या बिलात अशी रक्कम आहे त्याला तांत्रिक शब्द माहीत नसेलही, पण बिलातली ती ओळ त्याने नक्कीच पाहिलेली असते.

उत्तर अभिवादनातच देऊन टाकावे की राखून ठेवावे, याबद्दल मतभेद आहेत. माझी पद्धत अशी की उत्तर अस्तित्वात आहे एवढे सांगावे आणि आकडा भागासाठी ठेवावा. मात्र ‘ऐकून धक्का बसेल’ अशा छापाचे वाक्य घालू नये, कारण १० टक्क्यांची मर्यादा ऐकून कोणालाही धक्का बसत नाही, आणि श्रोत्याचा विश्वास पहिल्याच मिनिटाला कमी होतो. आता मसुदा असा होईल:

‘नमस्कार. फ्लॅट भाड्यानं दिला, म्हणून सोसायटीनं तुमच्या बिलात वेगळी रक्कम लावलीय का? ती किती लावता येते, याला सरकारनं मर्यादा घातलेली आहे. ही “सोसायटीची सभा”, आणि मी अमुक. आज हे बिल आपण ओळीओळीनं वाचणार आहोत.’

हे ३४ शब्द आहेत आणि विरामांसह ते सतरा-अठरा सेकंद घेतात. अजून थोडी काटछाट शक्य आहे: ‘घातलेली आहे’ ऐवजी ‘घातलीय’, आणि शेवटचे वाक्य ‘आज हे बिल ओळीओळीनं वाचू.’ आता शब्द ३१ झाले आणि वेळ पंधरा-सोळा सेकंदांवर आली. शेवटचे वाक्य आखूड झाल्यामुळे त्यानंतरचा विराम अधिक स्पष्ट पडतो आणि विषय सुरू होतो आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

या मसुद्यात ‘भाड्यानं’, ‘सोसायटीनं’ अशी बोलण्यातली रूपे मुद्दाम लिहिली आहेत. कागदावर ‘सोसायटीने’, ‘लावलेली आहे का’ असे लिहिले की बहुतेकजण ते तसेच वाचतात, आणि श्रोत्याला समोरचा माणूस वाचतो आहे हे दोन सेकंदांत कळते. म्हणून अभिवादनाची संहिता आपण घरात जसे बोलतो तशीच लिहावी, वऱ्हाडातल्या माणसाने त्याच्या लयीत आणि कोकणातल्या माणसाने त्याच्या. बाकी भागाचे टिपण प्रमाण लेखनात असले तरी चालते.

कार्यक्रमाचे नाव आणि स्वतःचे नाव मी तिसऱ्या जागेवर ठेवले आहे, हे काहींना खटकेल, कारण रेडिओची रीत उलट आहे. आकाशवाणीवर निवेदक आधी केंद्राचे नाव सांगतो. बटण फिरवत आलेल्या श्रोत्याला आपण कोणत्या केंद्रावर आहोत हे कळण्याचा दुसरा मार्ग पूर्वी नव्हता, म्हणून ते आवश्यकच होते. पॉडकास्टच्या श्रोत्याने नाव पडद्यावर वाचून भाग सुरू केलेला असतो. नाव ऐकल्याने त्याला फक्त खात्री पटते. ती खात्री हवीच, कारण एकामागून एक भाग आपोआप सुरू होतात तेव्हा पडद्याकडे कोणी पाहत नाही, परंतु तिच्यासाठी पहिले सेकंद खर्च करण्याचे कारण उरलेले नाही.

कोणाला उद्देशून बोलायचे

रेडिओकडून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. अमीन सयानी १९५२ पासून रेडिओ सिलोनसाठी मुंबईत हिंदी गीतांचा जो साप्ताहिक कार्यक्रम मुद्रित करीत, त्यातले त्यांचे ‘बहनों और भाइयों’ हे संबोधन दोन पिढ्यांच्या लक्षात राहिले. त्यात त्यांनी श्रोत्यांशी नाते जोडले आणि बहिणींना आधी ठेवले; पुढच्या गप्पांचा सूर त्या तीन शब्दांतच ठरत असे. तो कार्यक्रम कुटुंबे एकत्र बसून ऐकत, म्हणून अनेकवचन तिथे योग्य होते.

आज इयरफोनमध्ये एकच माणूस असतो. त्याला ‘मित्रांनो’ म्हटले की तो गर्दीत उभा केला जातो, आणि ती ‘ती’ असेल तर वगळलीच जाते. ‘मित्रमैत्रिणींनो’ हा उपाय न्याय्य आहे, पण पहिल्याच श्वासात म्हणायला जड. ‘मंडळी’ हा शब्द स्त्रीपुरुष सर्वांना सामावतो आणि सुटसुटीत आहे. गप्पांच्या कार्यक्रमाला तो शोभतो, कायद्याच्या किंवा आजारपणाच्या विषयाला कमी. आपल्या उदाहरणात मी संबोधन पूर्णपणे गाळले. नुसते ‘नमस्कार’ आणि त्यानंतर ‘तुमच्या बिलात’ एवढ्याने बोलणे एका माणसाशी होते.

‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांपैकी एकच निवडून शेवटपर्यंत पाळावे. ‘आपण’ आदरासाठी वापरले आणि पुढच्याच वाक्यात ‘आज आपण पाहू’ असे म्हटले, तर पहिल्या ‘आपण’मध्ये बोलणारा होता की नव्हता हे श्रोत्याला क्षणभर उमगत नाही. आदरार्थी ‘तुम्ही’ आणि सर्वांना धरून ‘आपण’ अशी विभागणी ठेवली की हा गोंधळ मिटतो. ‘शुभ सकाळ’ टाळावे. तुमची सकाळ श्रोत्याची रात्रपाळी असू शकते. ‘रामराम’, ‘जय भीम’ किंवा ‘जय महाराष्ट्र’ यांतले एखादे अभिवादन तुमच्या रोजच्या तोंडी असेल आणि कार्यक्रमाची ओळखही तीच असेल तर ते जरूर वापरावे. आपलेपणा आणण्यासाठी उसने घेतलेले अभिवादन मात्र लगेच ओळखू येते.

पाहुणा समोर बसलेला असेल तेव्हा एक चूक हमखास होते. सूत्रसंचालक श्रोत्याला अर्धवट नमस्कार करून पाहुण्याकडे वळतो आणि पदव्या, पुरस्कार, सन्माननीय, आदरणीय अशी लांबलचक ओळख सुरू करतो. आधी श्रोत्याशी पूर्ण पंधरा सेकंद बोलावे, मग पाहुण्याची या विषयापुरती एका वाक्यातली ओळख करून द्यावी आणि ‘नमस्कार सर’ किंवा ‘नमस्कार ताई’ म्हणून त्यांना बोलू द्यावे. बाकीची ओळख भागाच्या वर्णनात लिहिता येते.

सूर

अभिवादनातला सूर शब्दांपेक्षा ‘नमस्कार’ म्हणण्याच्या पद्धतीत अधिक असतो. ‘का’ लांबवून आणि आवाज वर नेऊन म्हटलेला ‘नमस्काऽऽर’ वाद्यवृंदाच्या निवेदकाची आठवण करून देतो. तोच शब्द आखूड आणि शेवटी खाली उतरणाऱ्या स्वरात म्हटला तर समोर बसून बोलल्यासारखा वाटतो. हसून बोलताना ओठ ताणले जातात आणि आवाजाचा पोतच बदलतो, म्हणून हसू न दिसताही ऐकू येते. मैत्रीपूर्ण विषयाला हे उपयोगी पडते आणि गंभीर विषयाला घातक ठरते.

म्हणून एकच ठरावीक अभिवादन प्रत्येक भागाला चिकटवू नये. समजा, ‘सोसायटीची सभा’चा पुढचा भाग तळमजल्यावर पाणी शिरण्यावर आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत शेकडो माणसे गेली. त्या भागाच्या आरंभी नेहमीचे उडत्या चालीचे संगीत आणि हसरा नमस्कार आला, तर ज्याच्या घरातले कोणी त्या दिवशी परतले नाही तो श्रोता तिथेच थांबेल. अशा वेळी संगीत पूर्णपणे काढावे, नेहमीपेक्षा माइकच्या थोडे जवळ जाऊन हळू बोलावे आणि वाक्ये अशी ठेवावीत: ‘नमस्कार. २६ जुलै २००५, मंगळवार. त्या रात्री तुमच्या इमारतीत पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ तारखेनंतर पूर्ण एक सेकंद थांबावे. मुंबईकराला तेवढ्या वेळात आपण कुठे होतो ते आठवते, आणि त्या विरामात दुसरे काहीही भरण्याची गरज नसते.

ध्वनिमुद्रण

‘नमस्कार’ची सुरुवात ‘न’ या मऊ, नाकातून येणाऱ्या वर्णाने होते आणि तोच बहुतेक वेळा हरवतो. ब्लूटूथचे इयरफोन किंवा स्पीकर शांततेत झोपी जातात आणि आवाज सुरू झाल्यावर जागे होताना पहिला किंचित अंश गिळतात. गोंगाट कापणारे नॉइज गेटही उघडायला क्षणभर लावते. परिणामी श्रोत्याला ‘मस्कार’ ऐकू येते. यावर उपाय सोपा आहे: बोलण्यापूर्वी अर्धा ते एक सेकंद खोलीची शांतता किंवा संगीताचे हलके स्वर ठेवावेत, आणि नॉइज गेट अभिवादनापुरते तरी बंद करावे.

ती शांतता मुंबईत मिळवणे सोपे नाही. भागाच्या मध्यात तुमच्या आवाजाखाली झाकला जाणारा पंखा, कावळे किंवा शेजारच्या कुकरची शिटी पहिल्या सेकंदात उघडी पडते. रुळांजवळ राहणाऱ्यांना मध्यरात्रीनंतरची लोकल बंद असण्याची वेळ साधता येते. ते शक्य नसेल तर कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे तोंड करून, खिडकी बंद आणि पंखा बंद ठेवून मुद्रण करावे. अभिवादन शेवटी मुद्रित करायचे असले तरी त्याच बैठकीत, त्याच खुर्चीवरून आणि माइकपासून तेवढ्याच अंतरावरून, म्हणजे साधारण एक वीत, करावे. दुसऱ्या दिवशी केलेले अभिवादन आणि आदल्या दिवशीचा भाग यांचा जोड पहिल्या वाक्यानंतर लगेच ऐकू येतो, कारण आवाज आणि खोली दोन्ही बदललेली असतात. तासभर बोलून घसा थकला असेल तर पाणी पिऊन, पाच मिनिटे थांबून बोलावे.

संगीताबद्दल दोनच सूचना आहेत. बोलणे सुरू होण्याआधीच ते उतरू लागावे आणि आवाजाखाली राहिले तर किमान पंधरा-वीस डेसिबल खाली राहावे. आणि पूर्ण भागाची पातळी ठरवताना, ॲपल पॉडकास्ट्स उणे १६ एलयूएफएसची (कानाला सरासरी जाणवणाऱ्या आवाजाचे हे माप) शिफारस करते ती पाळली तरी, संगीत आवाजापेक्षा जोरात वाजत नाही ना हे कानाने तपासावे. संगीत दचकवते म्हणून श्रोता आवाज कमी करतो, आणि मग त्याला तुमचा नमस्कारच ऐकू येत नाही.

चित्रफितीत आणखी एक अडचण येते. कॉलर माइक सदऱ्याच्या मध्यावर लावलेला असतो, आणि हात जोडून नमस्कार करताना तळवे नेमके त्याच्यासमोर येतात किंवा त्याला लागतात. मग पहिला शब्द दबतो किंवा धप्पकन आवाज येतो. माइक गळ्याजवळ वर लावावा, किंवा हात आधी जोडून, खाली घेऊन मगच बोलावे. यूट्यूबवर चित्रफीत यादीतच आवाजाविना सुरू होते हेही ध्यानात ठेवावे. तिथे प्रेक्षक तुमचे अभिवादन वाचतो. म्हणून पहिल्या वाक्याची मराठी उपशीर्षके स्वतः तपासून घालावीत आणि पहिल्या चौकटीत तुम्ही कॅमेरा चालू करून परत वळताना दिसू नये.

तपासणी

तयार झालेले अभिवादन तीन ठिकाणी ऐकावे: चांगल्या हेडफोनवर, साध्या फोनच्या स्पीकरवर आणि चालत्या लोकलमध्ये. दादर आणि कुर्ल्याच्या दरम्यान जलद गाडी वेगात असताना कार्यक्रमाचे नाव कळले नाही, तर बहुधा आवाज फार घोगरा, खालच्या पट्टीचा ठेवला गेला आहे. गाडीची घरघर खालच्या पट्टीतच असते आणि तीच बोलणे झाकते. अशा वेळी ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापावा आणि व्यंजने अधिक स्पष्ट उच्चारावीत. आवाज वाढवून फारसे साधत नाही.

त्यानंतर विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला फक्त पहिले पंधरा सेकंद ऐकवावेत आणि थांबवून विचारावे: कशाबद्दल आहे, कोण बोलत आहे, आणि पुढे ऐकाल का? वकीलबाईंच्या पहिल्या मसुद्यावर ‘सोसायटीबद्दल काहीतरी’ असे उत्तर येईल. दुसऱ्यावर ‘भाडेकरूचे जादा पैसे’ असे आले, तर काम झाले. ‘छान आहे’ हे उत्तर धरू नये; ओळखीची माणसे तेच म्हणतात.

भाग प्रसिद्ध झाल्यावर श्रोते कुठे गळाले याचा आलेख पाहता येतो. पहिल्या काही सेकंदांतली उतरण प्रत्येकाच्या आलेखात असते, कारण चुकून किंवा आपोआप सुरू झालेले भागही त्यात मोजले जातात, म्हणून दुसऱ्या कोणाच्या आकड्यांशी तुलना न करता स्वतःच्याच आधीच्या भागांशी करावी. रेष कोणत्या सेकंदाला सपाट होते ते पाहावे आणि त्या सेकंदाला तुम्ही काय बोलत होता ते ऐकावे. संगीत चालू असताना उतरण सुरू राहून प्रश्नापाशी ती थांबत असेल, तर संगीत आखूड करावे. नावापाशी नवी उतरण लागत असेल, तर नाव आणि विषय यांतला विराम फार लांबला आहे. मात्र अभिवादन तेच असूनही एखाद्याच भागाची उतरण फार तीव्र असेल, तर दोष बहुधा अभिवादनात नसून शीर्षकात असतो: शीर्षकाने एक सांगितले आणि पहिल्या प्रश्नाने दुसरे. अशा वेळी मुद्रणाला हात न लावता आधी शीर्षक बदलावे आणि नंतर आलेल्या श्रोत्यांचा आलेख जुन्याशी ताडून पाहावा.